अनुभव धागा : 'थिन' म्हटलं, 'टिन' लिहिलं गेलं

शिळोप्याची

गेल्या महिन्यात एका कॉलवर मी तीनदा 'थिन कोटिंग' म्हणाले. पातळ थर हवा, एवढंच सांगायचं होतं. समोरच्या परदेशी सहकाऱ्याने मिनिट्समध्ये लिहिलं 'टिन कोटिंग', म्हणजे कथिलाचा थर. आमच्या कामात दोन्ही प्रकार नेहमीचे, त्यामुळे कुणालाच काही खटकलं नाही. पहिले नमुने कथिलाचा मुलामा चढवून समोर आले तेव्हा उलगडा झाला.

मला धक्का याचा बसला की मी 'टिन' म्हणतच नव्हते. मी चांगला खणखणीत 'थ' म्हणत होते. टी-एचच्या जागी ट किंवा ड येणं ही आपली अडचणच नाही, आपल्याकडे थ आणि द आहेत, असं मी आजवर समजून होते. असं आणखी कुणाचं झालंय का? झालं असेल तर काय केलंत आणि फरक पडला का, ते लिहा.

चकवा

सोपं आहे. जीभ दातांबाहेर काढायची आणि फुंकायचं. आरशात जीभ दिसली तर बरोबर, नाही दिसली तर चूक. मला हे कॉलेजात शिकवलं होतं. दोन दिवसांत जमतं.

दुपारचा चहा

तुमचा किस्सा वाचून माझा आठवला. फोनवर कुणाला आकडे सांगताना 'थ्री' म्हटलं की पलीकडून हमखास 'सॉरी?' यायचं. मी आवाज वाढवायचो. आवाज वाढवला की 'थ' आणखी जोरात फुटायचा आणि पलीकडचा आणखी गोंधळायचा. शेवटी 'वन, टू, थ्री मधला थ्री' असं सांगायला लागलो. उपाय म्हणून भिकार आहे, पण चालतो.

मंद्र

मी काही वर्षं ध्वनिशास्त्राचं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शिळोप्याची, तुमचं बोलणं आणि त्यांचं ऐकणं, दोन्ही आपापल्या जागी बरोबर होतं. आपला 'थ' म्हणताना जीभ वरच्या दातांना चिकटते, हवा क्षणभर पूर्ण अडते आणि मग श्वासाच्या झोतासकट सुटते. आता त्यांचा टी बघा. शब्दाच्या सुरुवातीला तोही असाच अडून, झोतासकट सुटतो. त्यांचं 'टिन' नीट ऐकलंत तर ते आपल्या 'ठिन'च्या जास्त जवळ आहे. फरक इतकाच की आपल्या थला जीभ दातांवर असते आणि त्यांच्या टीला दातांमागच्या हिरडीवर. हा फरक आपल्याला त आणि ट इतका मोठा वाटतो, पण त्यांच्या भाषेत त्यावर एकही शब्द बदलत नाही, म्हणून त्यांचा कान तो सोडून देतो. हवा अडली, झोत आला, म्हणजे टी. हिशोब संपला.

गंमत म्हणजे तुम्ही खरोखरच आपला झोत नसलेला 'ट' घालून 'टिन' म्हणाला असतात, तर त्यांना कदाचित 'डिन' ऐकू आलं असतं.

खऱ्या टी-एचमध्ये हवा अडतच नाही. जीभ दातांना हलकी टेकलेली असते आणि फटीतून हवा घासत जाते. म्हणून ओळखण्याची खूण एकच: आवाज ताणता येतो का? 'स' तुम्ही तीन सेकंद ताणू शकता, 'स्स्स्स'. 'थ' ताणून बघा. एक तर शांतता मिळेल, नाही तर 'थऽऽ'मधला अ. टी-एच सबरोबर तीन सेकंद ताणता आला पाहिजे. तोंडासमोर तळहात धरा: थला एक गरम धक्का बसतो, टी-एचला बारीक, सलग वारा लागतो.

चकवा, आरशाचं अर्धंच खरं आहे. बरेच इंग्रजी बोलणारे जीभ दातांबाहेर काढत नाहीत, वरच्या दातांच्या मागच्या कडेला लावतात. जीभ बाहेर दिसूनही दातांमध्ये घट्ट दाबली असेल तर हवा अडतेच आणि पुन्हा आपला थच येतो. आरसा जागा दाखवतो, फट दाखवत नाही.

अंगणवेल

माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. तो 'ताट'ला 'टाट' म्हणतो आणि 'दादा'ला 'डाडा'. घरातले म्हणतात मोठा झाला की जाईल. तळहाताचा प्रयोग त्याच्याबरोबर करू का?

मंद्र

अंगणवेल, हा वेगळा प्रश्न आहे. तो आपल्याच भाषेतल्या त-ट बद्दल आहे, त्यात हा प्रयोग कामाचा नाही. एकदा ऐकण्याची तपासणी करून घ्या आणि वाचा-उपचार तज्ज्ञांना दाखवा. बहुतेकदा काळजीचं नसतं, पण त्यांनी सांगितलेलं बरं.

शिळोप्याची

मंद्र, 'थ' ताणून बघितला. खरंच ताणता येत नाही! इतकी वर्षं कुणी हे सांगितलं नाही. शब्दकोशातही उच्चार 'थ'नेच लिहितात, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. पण फट ठेवायची कशी? मी सैल सोडायला गेले की 'स' होतो आणि 'थिन'चं 'सिन' होतं. सिन म्हणजे पाप. कथिलापेक्षा वाईट.

मंद्र

सपासूनच सुरू करा, ते सोयीचं आहे. 'स्स्स्स' म्हणत राहा आणि हवा न थांबवता जिभेचं टोक हळूहळू पुढे सरकवा, वरच्या दातांच्या कडेपर्यंत. वाटेत एका जागी शीळ निघून जाते आणि आवाज बोथट, मंद होतो. तो टी-एच. मागे-पुढे दहा वेळा करा म्हणजे जिभेला जागा कळेल. स धारदार असतो, टी-एच जवळजवळ ऐकू न येण्याइतका फिका. आपल्याला 'काहीच आवाज येत नाही' असं वाटतं, म्हणून आपण जोर लावतो आणि जोर लावला की हवा अडते. दुपारचा चहा यांचं फोनवर तेच होत होतं.

मग तो आवाज दोन सेकंद धरून त्याला स्वर जोडा. घाई फक्त जोडताना होते, जीभ सवयीने दातांवर आपटून घेते. आधी 'थिन', 'थिक', 'थीम' असे साधे शब्द घ्या. 'थ्री' शेवटी, कारण तिथून जिभेला लगेच र कडे पळायचं असतं. शब्दाच्या शेवटचा टी-एच विसरू नका: 'बोथ' म्हणताना आपला शेवटचा थ बऱ्याचदा तच होतो आणि त्यांना 'बोट' ऐकू येतं, होडीवालं.

खात्री करायची असेल तर Praat हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. त्यात आवाज रेकॉर्ड करून चित्र बघता येतं. थच्या आधी कोरी पांढरी पट्टी आणि मग एक उभी रेघ दिसते. टी-एचला रेघ नसते, फिकट करडा धूर असतो. शब्द वाक्यात घालून रेकॉर्ड करा, कारण वाक्याच्या सुरुवातीला ती पांढरी पट्टी शांततेतच मिसळून जाते.

काठावरचा

सगळं ठीक, पण इतकी मेहनत कशासाठी? आयर्लंडमध्ये अनेक लोक टी-एच अगदी आपल्यासारखा, जीभ दातांवर टेकवून हवा अडवूनच म्हणतात. लंडनमधले कित्येक जण 'थिंक'ला 'फिंक' म्हणतात. त्यांना कुणी शिकवणी लावा म्हणत नाही. जेनिफर जेन्किन्स यांनी 2000 मध्ये निरनिराळ्या मातृभाषांचे लोक इंग्रजीत बोलताना नेमकं कुठे अडतात याची मांडणी केली, त्यात टी-एच अत्यावश्यक उच्चारांत धरलेलाच नाही. मी तर सरळ आपला थ वापरतो.

शिळोप्याची

त्यांच्याकडे नमुने कथिलाचे आले नसतील.

मंद्र

काठावरचा, जेन्किन्सबद्दल तुमचं बरोबर आहे. मी स्वतः त्या मांडणीशी निम्मी सहमत आहे. निम्मी कारण ती मुख्यतः दोन्हीकडचे लोक बिगर-इंग्रजी असतात तेव्हाची आहे. समोर जन्माने इंग्रजी बोलणारा, फोन खरखरत असलेला आणि वाक्यात दोन्ही शब्द बसणारे असले की गणित बदलतं. 'फ'ही फुकट नाही, त्यात 'थ्री'चं 'फ्री' होतं.

दुसरा टी-एच, 'दिस, दॅट, दे'मधला, त्यात मात्र मी फार वेळ घालवू नका म्हणेन. 'दे'चा 'डे' ऐकू आला तरी वाक्यात 'दिवस' क्वचितच बसतो. शिवाय ते स्वतः भरभर बोलताना 'इन द'मधला टी-एच जवळजवळ गिळतात. जीव थिन, थिक, पाथ, डेथ अशा शब्दांवर खर्च करा.

चकवा

तुम्ही म्हणता तसं तळहातावर करून पाहिलं. माझी जीभ आरशात दिसते, पण धक्का बसतोय. म्हणजे पंधरा वर्षं मी जीभ बाहेर काढून थ म्हणतोय. बायको म्हणते निदान दिसत तरी छान होतं.

घडीभर

उलट्या बाजूचा अनुभव. मी हे शिकले आणि मग सगळीकडे लावत सुटले. थेम्स नदीचा उच्चार टी-एचने केला, थॉमसचाही, थायलंडचाही. या तिन्हींत साधा टी आहे हे मला एका प्रेझेंटेशननंतर कळलं, आणि ते सांगणारा माणूस थॉमसच होता. 'अस्थमा'मध्ये तर टी-एच म्हणतच नाहीत, 'अ‍ॅझ्मा' किंवा 'अ‍ॅस्मा' म्हणतात.

त्याहून वाईट म्हणजे सवय मराठीत शिरली. आईला फोनवर 'थांब' म्हणाले तर ती म्हणाली, दाढ काढलीस का?

वाटाड्या

मला उलट 'द'वालाच अडतो. 'ब्रीद' म्हणजे श्वास घे असं म्हटलं की 'ब्रीड' ऐकतात. मी श्वसनाचे व्यायाम शिकवतो, त्यामुळे वर्गभर हसतात. मंद्र म्हणतात वेळ घालवू नका, पण मला घालवावा लागतोय. माशीसारखं 'झ्झ्झ' करत जीभ पुढे नेली तर जमतं, फक्त शब्दाच्या शेवटी आवाज बंद पडतो आणि 'ब्रीथ' होतं. यावर काही आहे का?

मंद्र

वाटाड्या, मान्य, तुमच्या धंद्यात तो शब्द टाळता येणार नाही. घशावर बोट ठेवा आणि कंप शेवटपर्यंत टिकतोय का बघा. 'ब्रीद' नंतर लगेच स्वराने सुरू होणारा शब्द घेतला, जसं 'ब्रीद इन', 'ब्रीद आउट', तर कंप आपोआप पुढे वाहतो. नुसतं 'ब्रीद' म्हणून थांबू नका. एकट्या शब्दाला माझ्याकडेही याहून चांगली युक्ती नाही.

शिळोप्याची

तीन आठवड्यांनी लिहितेय. रोज दहा मिनिटं, स पासून सरकवत. एकेकटा शब्द आता नव्वद टक्के जमतो. Praat मध्ये करडा धूरही दिसला, त्याचा फोटो काढून ठेवलाय. वाक्यात निम्म्या वेळा जमतो. चिडून बोलताना अजिबात नाही.

काल पुन्हा तोच सहकारी कॉलवर होता. मी 'थिन' म्हणाले, नीट, हवा न अडवता. तो थांबला आणि म्हणाला, 'थिन? ऑर टिन?' मी म्हटलं, पॉइंट टू मायक्रॉन. त्याने लिहून घेतलं. आता मी जाडीचा आकडा आधी सांगते आणि विशेषण नंतर. 'थ्री मायक्रॉन' हवं असेल त्या दिवशी काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही.