मदत हवी आहे: रक्ताचं पद काढलं तरी भाजण्याच्या उत्तरात फरक का पडत नाही?

प्रश्नकर्ता
प्रोजेक्टसाठी ७० अंशांचं पाणी २ सेकंद त्वचेवर पडलं, तर इजा किती खोल जाईल ते काढतोय. ऊतीतल्या उष्णतेसाठीचं पेन्स यांचं १९४८ चं समीकरण एका मितीत सोडवलंय:

```
rho*c*dT/dt = k*d2T/dx2 + w*rho_b*c_b*(Ta - T) + qm
```

जाडी ३ मिमी, आतल्या टोकाला ३७ अंश पक्के. ऊतीतून रक्त वाहण्याचा दर w = ०.००१२५ प्रति सेकंद. w शून्य केला तरी इजेचा आकडा जवळपास तोच. कोड चुकलाय का?

रानवारा
चुकलाच असणार. रक्त उष्णता वाहून नेतं, मग फरक पडायलाच हवा. भाजलेली जागा लाल होते, म्हणजे तिथलं रक्त वाढतं. w दहापट करून बघा.

सायली_पुणे
माझ्या हातावर काल कुकरची वाफ आली. बर्फ लावू का? फोड आलाय.

उष्मागती
सायली, बर्फ नको. लगेच नळाच्या साध्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं असतं. आता फोड फोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्नकर्ते, कोड बरोबर असू शकतो. ऊती ६० अंशांवर असेल, तर तुमच्या w ने ती सेकंदाला साधारण ०.०३ अंश निवते. दोन सेकंदांत किती होणार? शिवाय बाह्यत्वचेच्या तळाशी, ०.०८ मिमीवर, वरच्या पाण्यातून उष्णता सेकंदाच्या आत पोचते आणि ती तूट भरून काढते. रानवारा म्हणतात तसं रक्त वाढतं, पण ते नंतर. तोवर इजा झालेली असते.

रक्ताचा स्वतःचा काळ 1/w, म्हणजे ८०० सेकंद. म्हणून कोड तपासायचा तर भाजणं सोडा, गार करणं घ्या. सगळीकडे ३७ अंश, पृष्ठभाग १५ वर, वेळ वीस मिनिटं. १ सेंमी खोलीवर w शून्य असताना साधारण २५ अंश यायला हवेत, w असताना ३०. मात्र जाडी किमान ५ सेंमी घ्या. ३ मिमीवर ३७ खिळवलेत, तर ते टोकच रक्ताचं काम करतं आणि w कधीच दिसणार नाही.

प्रश्नकर्ता
जाडी वाढवली. २५.२ आणि २९.८ आले! पण इजेचा वेग ६० वरून ५५ वर येताच तिसाव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे पाणी धरल्यावर काही सेकंदांतच इजा थांबते. मग वीस मिनिटं का?

उष्मागती
इजेच्या वेगासाठी हेन्रिक्स यांचे स्थिरांक वापरलेत ना? त्यांत फक्त उष्णतेनं झालेलं नुकसान मोजलं जातं. नंतरची सूज, थबकलेलं रक्त, कडेच्या अर्धमेल्या पेशी वाचणं, यातलं काहीच त्यात नाही. वीस मिनिटांचं कारण त्या बाजूला असावं, पण ते या समीकरणातून निघणार नाही.

रानवारा
पण गारव्यानं रक्तवाहिन्या आकसतात ना? मग वीस मिनिटं w एकच कसा धरायचा?

उष्मागती
धरू नये. w तापमानाबरोबर बदलता ठेवा. जळून गोठलेल्या थरात तो शून्यच. कडेच्या थरात किती घ्यायचा, यावर माझ्याकडे खात्रीचा आकडा नाही. कुणी मोजलाय का?