मदत हवी आहे: खोलीतील दोघे सिगारेट ओढतात आणि निकोटिनच्या गमचा मला उपयोग होत नाही (सांगली)

विश्रामबागचा_भाडेकरू

नमस्कार. मी विश्रामबागेत तिघांनी मिळून घेतलेल्या भाड्याच्या खोलीत राहतो आणि कुपवाडला नोकरी करतो. दिवसाला दहा-बारा सिगारेटी होत असत व पहिली सकाळी उठल्या उठल्या लागे. आता आठवडाभर सिगारेट बंद आहे. कारखान्याच्या आवारात ओढण्यास मनाई असल्याने दिवस निभावतो. परंतु रात्री मेसवरून परतलो की दोघेही खिडकीशी बसून पेटवतात, पाकीट आणि लायटर मधल्या स्टुलावर पडलेले असतात आणि त्या अर्ध्या तासात माझे कशातच लक्ष लागत नाही. औषध दुकानातून २ मिलिग्रॅमचे गम आणले, पण ते चघळले की घसा जळतो, उचक्या लागतात आणि तलफ मात्र तशीच राहते. शिवाय छातीत धडधडते व झोप येत नाही. अकरा महिन्यांचा करार झाल्याने खोली लगेच सोडता येणार नाही. गम बंद करावा का, आणि रात्रीचे काय करावे?

माणदेशी

गम म्हणजे तरी निकोटिनच, मग सोडले काय? माझ्या मावसभावाने सिगारेट टाकून चुना-तंबाखू धरली, निदान फुप्फुसे तरी वाचली. मात्र ते पाकीट आणि लायटर आधी स्टुलावरून हलवायला सांगा. समोर दिसत असताना हात आवरणे कठीण असते.

मिरज_औषधवाला

पाकिटाबद्दल माणदेशी यांचे म्हणणे योग्य आहे, चुना-तंबाखूबद्दल अजिबात नाही; त्याने तोंडाचा कर्करोग होतो आणि निकोटिनची सवयही तशीच राहते. गममध्ये धूर नसतो व त्याचे प्रमाण पुढे उतरवत नेता येते. भाडेकरू, आपण गम नेमका कसा आणि कधी खाता, ते सांगाल का?

विश्रामबागचा_भाडेकरू

जेवणानंतर आम्ही तिघे चहा घेतो. त्यांनी सिगारेट पेटवली की मी चहाबरोबर गम तोंडात टाकतो, साध्या च्युइंग गमसारखा दहा मिनिटे सलग चघळतो आणि चव गेली की थुंकतो.

मिरज_औषधवाला

मग गम बदलण्याआधी पद्धत बदलून पाहा. या गममधील निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून शोषले जाते. सलग चघळल्याने ते लाळेबरोबर पोटात जाते, म्हणून घसा जळतो, उचक्या लागतात आणि तलफेला मिळायला हवे तेवढे मिळत नाही. काही वेळा सावकाश चावा, तोंडात तिखट झणझण जाणवली की तो गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवा, झणझण ओसरली की पुन्हा चावा. असे सुमारे अर्धा तास चालले पाहिजे. चहाने तोंड आम्लधर्मी होते आणि शोषण घटते, म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटे आणि गम तोंडात असताना पाण्याखेरीज काही घेऊ नये. घशातील जळजळ थांबली आणि झणझण फक्त तोंडात राहिली, तर पद्धत जमली असे समजावे.

दुसरी गोष्ट वेळेची. सिगारेटचे निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते, गमला वीस-तीस मिनिटे लागतात. त्यांनी पेटवल्यावर गम घेतला तर त्यांची सिगारेट विझेपर्यंत आपल्याला काहीच मिळत नाही. म्हणून मेसवरून निघतानाच गम सुरू करावा आणि तो चहा वगळावा.

धडधडीचे एक कारणही बहुधा तो चहाच असावा. सिगारेटच्या धुरातील द्रव्यांमुळे यकृत कॅफिन लवकर निकामी करते. सिगारेट थांबली की तितक्याच चहातले कॅफिन शरीरात जास्त वेळ राहते. चहा निम्म्यावर आणून पाहा. तरीही धडधडले, किंवा छातीत दुखले, तर डॉक्टरांना दाखवावेच. पहिली सिगारेट उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा गम अधिक योग्य ठरतो, पण त्याला चिठ्ठी लागते.

कोयनाकाठ

वसतिगृहात धूम्रपानाला बंदी आहे, सरळ रेक्टरांकडे लेखी तक्रार करा. आमच्या साताऱ्याच्या वसतिगृहात असेच करावे लागले होते.

विश्रामबागचा_भाडेकरू

ही खासगी खोली आहे, रेक्टर नाहीत आणि घरमालक स्वतःच बिडी ओढतात.

औषधवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे काल केले. उचक्या लागल्या नाहीत आणि तलफ बरीच सौम्य होती, पण झोपेत अजून फरक नाही.

मिरज_औषधवाला

पहिल्या काही आठवड्यांत झोप बिघडते, ते एका रात्रीत सुधारणार नाही. तलफेच्या वेळी बोलायला कोणी हवे असेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीचा निःशुल्क क्रमांक पाकिटावरच छापलेला असतो.

विश्रामबागचा_भाडेकरू

पाकीट कपाटात ठेवायला दोघे तयार झाले, आणि एक जण गच्चीवर जाऊन ओढायलाही. दुसऱ्याचे म्हणणे असे की पाऊस लागला की गच्ची वापरता येणार नाही, तेव्हा खिडकीशीच बसणार. पावसाळ्यात ही अडचण कोणी कशी सोडवली आहे?