मदत हवी आहे: डेव्हचा जुना स्क्रीनशॉट मोठा करून प्रिंट काढायचाय, पिक्सेल वाकडेतिकडे येतायत

उंडगा_पांडू:
मंडळी, डेंजरस डेव्ह या जुन्या डॉस गेमचा एक स्क्रीनशॉट आहे, शेवटच्या लेव्हलचा, तो मोठा करून फ्रेम करायचाय. सगळीकडे वाचलं की पिक्सेल आर्टला निअरेस्ट नेबर वापरा म्हणून फोटोशॉपात Nearest Neighbor घेऊनच केलं, तरी काही विटा उंच काही बुटक्या, डेव्हच्या टोपीची कड एकीकडे जाड एकीकडे बारीक, आणि कडांना मळकट ठिपके. शनिवारच्या आत प्रिंट हवीय, पटकन सांगा.

टिंब_टिंब:
मूळ फाइल किती बाय किती? PNG का JPEG? किती मोठी केलीत? एवढं सांगितल्याशिवाय कोणी काय सांगणार?

उंडगा_पांडू:
640x480. रुंदी 4000 केली. JPEG आहे, भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली. पण साइझ तर बरोबर आहे ना, मग काय प्रॉब्लेम?

रात्रपाळी:
निअरेस्ट नेबरचा नाद सोडा हो. पिक्सेलच्या कडा घोटणारा एक्सबीआर स्केलर मारा, नाहीतर एचक्यू4एक्स. एफएफएमपेगमध्ये दोन्ही आयते आहेत, `-vf xbr=4` लिहिलं की काम झालं. कडा अशा गुळगुळीत येतात की बघत राहाल. ठोकळे बघायला कोण फ्रेम करतं राव?

टिंब_टिंब:
रात्रपाळी, थांबा जरा. एक्सबीआर असो की एचक्यूएक्स, ते शेजारचे पिक्सेल एकमेकांशी ताडून बघतात आणि कड कुठून कुठे तिरकी जाते त्याचा अंदाज बांधतात. त्यासाठी गेमचा एक पिक्सेल म्हणजे फाइलमधला एकच पिक्सेल असायला हवा. इथे प्रत्येक पिक्सेल आधीच दुप्पट झालाय, वर JPEG ने रंग फाटलेत. त्याला दोन पिक्सेलची पायरी हीच खरी आकृती वाटणार आणि तो तीच घोटून घोटून गुळगुळीत करणार.

पांडू, डेव्ह 320x200 चा गेम आहे. तुमची फाइल 640x480, म्हणजे आडवं दुप्पट आणि उभं 2.4 पट. 2.4 पट निअरेस्ट नेबरने होतं कसं, तर काही ओळी दोनदा छापल्या जातात आणि काही तीनदा. डेव्हची वीट 16 पिक्सेल उंच, 16 गुणिले 2.4 म्हणजे 38.4, मग एक वीट 38 ची आणि दुसरी 39 ची. 800 टक्के झूम करून मोजा, दिसेल. त्यावर तुम्ही 640 चे 4000 केलेत, म्हणजे 6.25 पट, परत अपूर्णांक, त्यामुळे आडव्यातही तीच बोंब. मळकट ठिपके मात्र JPEG चे.

फोटो काढला कशाने? गेम डॉसबॉक्स एम्युलेटरमध्ये चालवला असेल ना, तिथे Ctrl+F5 दाबून का Print Screen ने?

उंडगा_पांडू:
भावाने काढलाय, Print Screen असेल. त्याने डॉसबॉक्सच्या सेटिंगमध्ये `aspect=true` ठेवलंय एवढं माहितीये. परत काढता येणार नाही, दहावी लेव्हल आहे आणि डेव्हमध्ये सेव्ह नसतं. माझ्याच्याने तर तिसरीपुढे जात नाही.

मावळतीचा_चहा:
माझ्याकडे आजोबांचा 1962 चा लग्नातला फोटो आहे, फारच छोटा. त्याला निअरेस्ट नेबर चालेल का? चेहरे ओळखू येत नाहीत.

टिंब_टिंब:
नाही हो, फोटोला ते करू नका, चौकटी चौकटी दिसतील. वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

गोगलगाय_वेगात:
पांडू, गोडो गेम इंजिनमध्ये असाल तर Default Texture Filter ला Nearest करा, बाय डीफॉल्ट Linear असतं म्हणून ब्लर येतो. माझ्या गेमला हाच त्रास होता.

उंडगा_पांडू:
मी गेम बनवत नाहीये भाऊ, प्रिंट काढतोय 😅

काचेची_पेटी:
सगळे एक गोष्ट विसरतायत. त्या काळी गेम सीआरटीवर दिसायचे, असे धारदार चौकोन कधी नव्हतेच. खरं रूप हवं तर मध्ये काळ्या स्कॅनलाइन टाका.

टिंब_टिंब:
टीव्हीवरच्या कन्सोलला हे लागू आहे. पण पीसीचं व्हीजीए कार्ड 200 ओळींची प्रत्येक ओळ दोनदा रंगवायचं, म्हणून मॉनिटरवर तशा काळ्या फटी दिसायच्या नाहीत. पिक्सेल थोडे मऊ दिसायचे हे मान्य. आणि दुसरं, 320x200 हे चित्र 4:3 च्या काचेवर ताणलेलं असायचं, म्हणजे पिक्सेल चौकोनी नव्हताच, रुंदीपेक्षा 1.2 पट उंच होता. भावाने `aspect=true` ठेवलं ते बरोबरच केलं, फक्त त्या साइझला गणित जुळत नाही.

काचेची_पेटी:
आमच्या शाळेच्या लॅबमध्ये फटी दिसायच्या, मला चांगलं आठवतंय.

टिंब_टिंब:
असेल, मॉनिटर मॉनिटरवर आहे.

पांडू, भावाला म्हणा मूळ PNG व्हॉट्सअ‍ॅपवर Document म्हणून पाठव, फोटो म्हणून नको. मग इमेजमॅजिक हा कमांडने चालणारा प्रोग्रॅम टाकून हे:

```
magick dave.png -sample 320x200! mul.png
magick identify -format "%k" mul.png
```

पहिली ओळ चित्र परत मूळ मापाला आणते. प्रत्येक ओळ दोनदा किंवा तीनदाच छापलेली असल्यामुळे त्यातली एक उचलली की काम होतं, काही हरवत नाही. दुसरी ओळ चित्रात किती वेगळे रंग आहेत ते सांगते. व्हीजीएच्या त्या मोडमध्ये एका वेळी 256 च रंग, त्यामुळे आकडा त्याच्या आत हवा. वर गेला तर मध्ये कुठेतरी ब्लर झालाय किंवा JPEG होऊन आलंय असं समजा. डॉसबॉक्सला एचक्यू2एक्स स्केलर लावून काढला असेल तर मात्र मागे जाता येत नाही.

प्रिंट केवढी हवीय?

उंडगा_पांडू:
12 बाय 16 इंच, फ्रेम घेऊन झालीय. JPEG वर चालवून बघितलं, आकडा हजारोंत आला 🤦 भावाकडून फाइल मागवलीय.

टिंब_टिंब:
12x16 म्हणजे नशीबच. 300 डीपीआयला 4800x3600 होतात, म्हणजे 320 च्या बरोबर 15 पट आणि 200 च्या बरोबर 18 पट. 15 ला 18 म्हणजे 1.2, तोच तो उंच पिक्सेल. सगळं पूर्णांकात.

```
magick mul.png -sample 4800x3600! print.png
```

कागदावर एक पिक्सेल साधारण सव्वा मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर उंच येईल. तपासायचं असेल तर कुठलीही वीट मोजा, 240x288 च यायला हवी.

रात्रपाळी:
आता मूळ 320x200 हातात आलंय ना, मग त्यावर एक्सबीआर का नको? आधी चार पट करून 1280x800, मग ताणून 4:3. माझा मुद्दा तिथेच आहे, तुम्ही फाइलवर घसरलात.

टिंब_टिंब:
असं केलंत तर चालेल, ताणायच्या आधी स्केलर हा क्रम बरोबर आहे. पण वरच्या स्कोअरच्या अक्षरांचे कोपरे वितळलेल्या मेणासारखे होतात आणि जिथे दोन रंगांचे ठिपके आलटून पालटून टाकून तिसऱ्या रंगाचा भास केलेला असतो तिथे गाठी पडतात. मंकी आयलंडच्या 16 रंगांच्या ईजीए आवृत्तीवर चालवून बघा, पार्श्वभूमीभर त्याच दिसतील.

रात्रपाळी:
डेव्हमध्ये कुठे आलेत तसले ठिपके? सपाट रंग आहेत सगळे. डेव्हला एक्सबीआर छान दिसतो, मी केलाय.

टिंब_टिंब:
डेव्हपुरतं मान्य. आवडीचा भाग आहे मग.

उंडगा_पांडू:
भावाची PNG आली, रंग दोन आकडी!! विटा सगळ्या 240x288. पण दुकानवाला म्हणतो JPEG च द्या, PNG घेत नाही. परत तेच होणार ना?

टिंब_टिंब:
नाही. JPEG ने घोळ झाला कारण तो मोठं करायच्या आधी होता, डाग पण चित्राबरोबर मोठे झाले. आता 4800 वर क्वालिटी 100 ने सेव्ह केलंत तर डाग पडले तरी कागदावर दिसणार नाहीत एवढे बारीक असतील. दुकानात फक्त बजावून सांगा की फिट टू पेज नको आणि ऑटो करेक्शन बंद. कडेने दोन-तीन मिलिमीटर कापतात बहुतेक ठिकाणी, ते आधीच विचारा, नाहीतर वरच्या स्कोअरची ओळ जाईल.

रात्रपाळी:
पांडू, एक एक्सबीआरची पण काढा छोट्या साइझमध्ये आणि दोन्हीचे फोटो टाका इथे.

उंडगा_पांडू:
टाकतो. दुकानवाला म्हणतोय तो 4 मिमी कापतो, मग पांढरी किनार ठेवून चित्र 14 पट आणि 17 पट केलं तर चालेल का?

काचेची_पेटी:
14 ला 17 नाही बसत, पिक्सेल जास्तच उंच होतो. 10 ला 12 घ्या.

उंडगा_पांडू:
मग फ्रेममध्ये फारच पांढरं दिसेल हो.

टिंब_टिंब:
14 ला 17 म्हणजे 1.21, फरक डोळ्याला कळणार नाही. बिनधास्त करा.