ऊसतोड हे बेरोजगारीचे उदाहरण की दारिद्र्याचे?

धारूरचा पालक: समाजशास्त्राच्या सराव परीक्षेत बेरोजगारीचे रोजच्या जीवनातील उदाहरण विचारले होते. माझ्या मुलीने लिहिले, "बाबा सहा महिने ऊस तोडतात आणि सहा महिने घरी बसून असतात." सरांनी शून्य गुण देऊन "हे दारिद्र्य आहे, शेतात चार जणांच्या कामावर सहा जण असणे हे उदाहरण हवे होते" असा शेरा मारला. बरोबर कोण?

निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई: मुलगी बरोबर आहे, आणि हा शेरा वाचून मला मनापासून वाईट वाटले. सरांना हवी आहे ती छुपी बेरोजगारी, मुलीने लिहिली आहे ती हंगामी, आणि प्रश्नात प्रकार विचारलेलाच नव्हता. दोन्हींतला फरक कोयत्यावरच तपासून पाहता येतो. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, म्हणून जोडप्याला एक कोयता धरतात. त्यातला एक आजारी पडला की अर्धा कोयता उरतो आणि त्या दिवसाचे टनेज तिथल्या तिथे घटते. याचा अर्थ फडात कोणीही जास्तीचे नाही. त्याच घराच्या तीन एकर कोरडवाहू रानात चार भाऊ राबत असतील आणि एक जण पुण्याला गेल्यावरही सोयाबीन तेवढेच निघत असेल, तर ती छुपी बेरोजगारी. फडातल्या माणसाची अडचण वेगळी आहे: कारखान्याचा पट्टा पडला की त्याचे कामच संपते.

लातूरचा उमेदवार: ताई, आपला मुद्दा भावनेचा आहे. सरकारी श्रमबल पाहणीत आठवड्यात एक तास काम केलेला माणूससुद्धा रोजगारात धरतात. मग सहा महिने घाम गाळणारा बेरोजगार कसा? सरांचा शेरा योग्यच आहे.

निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई: आपण अर्धाच नियम सांगितलात. एका तासाची अट चालू आठवड्याच्या मोजणीला आहे, आणि तिथे मागचे सात दिवसच पाहतात. जूनमध्ये पेरणी लांबली, सात दिवसांत एक तासही काम मिळाले नाही आणि माणूस कामाला तयार आहे, तर त्या मोजणीत तो बेरोजगारच ठरतो. वर्षभराच्या नेहमीच्या स्थितीत मात्र तोच माणूस रोजगारात जातो, कारण तिथे तीस दिवसांचे दुय्यम कामसुद्धा पुरते. माणूस एकच, उत्तरे दोन. त्यामुळे वार्षिक आकडा कमी दिसला म्हणून बीडच्या वाडीवस्तीवर उन्हाळ्यात सगळ्यांच्या हाताला काम असते, असा निष्कर्ष काढता येत नाही.

गेवराईचा वाचक: बेरोजगारीचे राहू द्या, महागाईकडे कोणी बघतच नाही. माझ्या आईवडिलांनी अठरा वर्षे कोयता चालवला. तोडणीचा दर कराराने ठरतो आणि पुढचा करार होईपर्यंत तोच राहतो, किराणा मात्र दर महिन्याला नवा भाव सांगतो. दिवाळीआधी मुकादमाकडून घेतलेली उचल फेडता फेडता पट्टा पडायचा, तरी बाकी उरायचीच. आम्ही उपाशी राहिलो ते काम नव्हते म्हणून नाही, काम असतानाच राहिलो.

लातूरचा उमेदवार: दर वाढत नाही हे साफ चूक आहे. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाली, ती आपण सोयीस्कर विसरलात.

गेवराईचा वाचक: विसरलो नाही, पण ती वाढ किती वर्षे तुंबलेली होती तेही सांगा. घरात बसून टक्के मोजणाऱ्यांनी एकदा फडात रात्री दोन वाजता गाडी भरून पाहावी.

निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई: शांतपणे हिशेब करू या. समजा, दर तीन वर्षे गोठलेला आहे आणि महागाई वर्षाला सहा टक्के आहे. आज शंभर रुपयांना येणारा बाजार तीन वर्षांनी साधारण ११९ रुपयांना येईल, म्हणजे हातातल्या शंभरात आजच्या ८४ रुपयांइतकाच माल मिळेल. नंतरच्या वाढीतले पहिले १९ टक्के केवळ जुनी झीज भरून काढतात. त्यापुढचीच खरी वाढ. त्यातही २०१२ च्या पायावरील ग्राहक निर्देशांकात ग्रामीण भागासाठी खाण्यापिण्याचे वजन सुमारे ५४ टक्के होते, आणि मजुराच्या घरात हा वाटा सहसा त्याहून मोठा असतो. म्हणून ज्वारी आणि डाळ भडकली की छापून आलेल्या दरापेक्षा त्याला बसणारी झळ जास्त असते.

लातूरचा उमेदवार: चालू आठवड्याचा नियम मी अपुरा सांगितला, एवढे मान्य करतो. पण गेवराईकरांचे वडील कामावर असतानाही गरीब होते, म्हणजे सरांनी लिहिलेला दारिद्र्य हा शब्द अगदीच चुकीचा नव्हता.

निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई: शब्द त्या घराला लागू पडतो, त्या प्रश्नाला नाही. काम असून गरिबी असते, हेच गेवराईकर सांगत आहेत. म्हणून तर दोन्हींची मोजणी वेगवेगळी होते, एक कामावरून आणि दुसरी दरडोई खर्चावरून. मुलीने पैशाबद्दल एक अक्षर लिहिलेले नाही, तिने रिकामे महिने लिहिले आहेत.

धारूरचा पालक: उद्या उत्तरपत्रिका घेऊन शाळेत जातो. पण मुलगी आता विचारते आहे की, आई पावसाळ्यात काम शोधायला बाहेर पडतच नाही, मग तिला कशात धरायचे?