शब्दचर्चा: टून शेडरच्या आउटलाइनला आणि बँडला काय म्हणायचं?

पाटीपेन्सिल: मंडळी, शाळेतल्या मुलांसाठी युनिटीची मराठी टिपणं लिहितोय. धडा एवढाच, की तयार कॅरेक्टरवर टून शेडर आहे, त्याची आउटलाइन जाड-बारीक करायची आणि सावलीचे बँड कमी-जास्त करायचे. मी 'तीन पट्टे ठेवा' लिहिलं तर एका पोरानं चक्क पट्ट्यापट्ट्यांचं टेक्स्चर करून शर्टावर चढवलं, वर म्हणतो सर दिसतायत की पट्टे! आउटलाइनला 'रूपरेषा' लिहिलेलं, तर घरून ऐकावं लागलं की रूपरेषा कार्यक्रमाची असते. मग लिहू काय?

काठपदर: किनार लिहा. साडीला असते तशी.

शुद्धमती: किनार फारसीतून आलाय. 'बाह्यरेषा' असताना उसनं कशाला? आणि बँडला 'छटास्तर'.

टवाळ_तात्या: छटास्तर म्हटलं की मला भूगर्भशास्त्राचा पेपर आठवतो.

उलटी_नॉर्मल: शब्द ठरवण्याआधी वस्तू काय आहे ते बघा ना. ही रेषा कोणी काढत नाही. त्याच मेशची दुसरी प्रत नॉर्मलच्या दिशेनं थोडी फुगवतात, `Cull Front` लावून तिच्या पुढच्या बाजू गाळतात, आणि मूळ कॅरेक्टरच्या मागून जी काळी कड डोकावते ती आउटलाइन. म्हणून मी 'कड' म्हणेन. आणि बँड म्हणजे 'टप्पे', कारण उजेड टप्प्याटप्प्यानं उतरतो.

शुद्धमती: 'कड' म्हणजे एज. मॉडेलिंगमध्ये एजला मग काय म्हणणार?

काठपदर: एजला एजच म्हणतात सगळे. पण टप्पे कशाला, बँडसाठी सरळ `floor(n * 3) / 3` लिहायचं, तीन बँड मिळाले, विषय संपला.

पाटीपेन्सिल: तेच लिहिलंय हो, पण कॅरेक्टर सगळीकडून काळवंडतं. लाइट वाढवला तर मागची भिंत पांढरीफटक.

उलटी_नॉर्मल: लाइटला हात लावू नका. त्या सूत्रातून 0, 0.33 आणि 0.67 एवढेच आकडे निघतात, 1 फक्त उजेडाच्या अगदी समोरच्या बिंदूला, म्हणजे पूर्ण उजळ टप्पा जवळपास येतच नाही. शिवाय `saturate` केलंत की उजेडाकडे पाठ असलेला अख्खा भाग शून्यात जातो, म्हणून अंधाराचा टप्पा सगळ्यात मोठा. असं करून बघा:

```
float n = dot(N, L) * 0.5 + 0.5;
float t = min(floor(n * 3), 2) / 2;
```

आता 0, 0.5, 1 मिळतील. 0 अगदीच काळा वाटला तर तिथं सावलीचा रंग `lerp` नं द्या.

गेमर_गण्या: माझ्याकडे रॅम्प टेक्स्चर आहे, टप्प्यांच्या सीमा धुरकट येतात आणि सगळ्यात उजळ जागी मधेच काळी रेघ उमटते. तिला पण कडच म्हणायचं का?

उलटी_नॉर्मल: तिला चूक म्हणायचं :) रॅम्पच्या इम्पोर्ट सेटिंगमध्ये Wrap Mode हा Repeat असणार, Clamp करा, नाहीतर उजळ टोकाला अंधारं टोक येऊन मिसळतं. धुरकटपणासाठी Filter Mode ला Point, मिपमॅप बंद.

पाटीपेन्सिल: काळवंडणं गेलं! आता आउटलाइनचं. जाडी 0.02 ठेवली तर अंगाला छान बारीक येते, पण हातातल्या तलवारीभोवती काळा फुगा, पार कॅरेक्टर गिळून टाकतो.

काठपदर: तलवारीला वेगळं मटेरियल देऊन जाडी 0.0002 करा, मी तसंच करते.

उलटी_नॉर्मल: चालेल, पण प्रत्येक हत्यारापाशी तेच रडगाणं. तलवारीच्या ट्रान्सफॉर्मचा स्केल बघा, ब्लेंडरमधून FBX आलं असेल तर 100 असतो. ऑब्जेक्ट स्पेसमधले 0.02 गुणिले 100 म्हणजे 2 मीटर कड! मॉडेल तयारच आहे, ते तसंच राहू द्या, ढकलणं वर्ल्ड स्पेसमध्ये करा:

```
posWS += normalize(normalWS) * _Width;
```

आता 0.02 म्हणजे सगळीकडे 2 सेंटिमीटर. लांबून बारीक दिसेल, जवळून जाड, ते काहींना आवडतं काहींना नाही. आणि तलवारीच्या धारदार कोपऱ्यांवर कड फाटलेली दिसली तर दचकू नका, तिथं एकाच बिंदूला दोन-तीन नॉर्मल असतात आणि प्रत जिकडेतिकडे फाकते. सरासरी नॉर्मल व्हर्टेक्स कलरमध्ये साठवून फक्त कडेसाठी वापरायच्या. मूळ नॉर्मल गुळगुळीत करायला जाल तर टप्पेच बिघडतील.

शुद्धमती: एवढं झालं, पण 'फाटलेली कड' यातून एज फाटली असंच कळतं हो. बाह्यरेषाच बरी.

टवाळ_तात्या: बाह्यरेषा जाड झाली की आहार कमी करावा.

पाटीपेन्सिल: तलवार जमली, कोपरे उद्या बघतो. टिपणात सध्या 'टप्पे' आणि 'आउटलाइन' लिहितोय, पोरांच्या तोंडात तेच आहे.

शुद्धमती: मग धागा काढला कशाला?

गेमर_गण्या: Clamp केलं, रेघ गेली. पण नाकाखाली त्रिकोणी सावली येते, मिशी ठेवल्यासारखी. तो कितवा टप्पा?