०.०१ टक्के डिस्टॉर्शन, तरी रात्री आवाज चरचरीत का?

कोथरूडकर: तापकीर गल्लीतून ५० वॉटचा ॲम्प आणला. कागदावर टीएचडी प्लस एन, म्हणजे डिस्टॉर्शन आणि नॉइज मिळून, ०.०१ टक्के. मित्राच्या जुन्या ॲम्पवर ०.१ लिहिलंय, तरी रात्री हळू आवाजात तोच गोड वाटतो. मग हा आकडा मोजतो तरी काय?

सोल्डरकाका: १ किलोहर्ट्झचा शुद्ध सूर ॲम्पमध्ये सोडायचा आणि बाहेर आलेल्यातून तेवढाच सूर गाळून टाकायचा. मागे उरतो तो गाळ: मूळ सुराच्या दुप्पट-तिप्पट वारंवारितेचे सूर म्हणजे हार्मोनिक्स, सूंसूं, मेनची घरघर, सगळं एकत्र. एकूण आउटपुटच्या किती टक्के गाळ, तो हा आकडा. गाळ कसला, ते त्यातून कळत नाही.

शिवाय कागदावरचा आकडा बहुतेकदा मोठ्या ताकदीवरचा असतो. ८ ओहमवर ५० वॉट म्हणजे २० व्होल्ट, त्याचा ०.०१ टक्का २ मिलिव्होल्ट. रात्री तुम्ही ऐकता ५० मिलिवॉटवर, म्हणजे ०.६३ व्होल्ट. गाळ तेवढाच राहिला तर झाले ०.३ टक्के!

आकडेमोड: काका, घाबरवू नका. खर्जात स्पीकर स्वतःच अर्धा-एक टक्का बिघडवतो. त्यापुढे ०.३ कुणाला ऐकू येणार?

सोल्डरकाका: स्पीकरची भर बहुतांशी दुसऱ्या-तिसऱ्या हार्मोनिकची, ती मूळ सुराच्या आड लपते. आउटपुट ट्रान्झिस्टरचा बायस, म्हणजे सूर नसतानाही वाहणारा करंट, कमी असेल तर लाट शून्य ओलांडताना दर वेळी अडखळते आणि सातवा, नववा असे लांबचे हार्मोनिक निघतात. ते लपत नाहीत. माझ्याकडे आलेल्या एका ॲम्पचा उरलेला गाळ स्कोपवर पाहिला, तर सपाट रेषेवर काटेच काटे. प्रीसेट फिरवून बायस मॅन्युअलप्रमाणे केला, काटे गेले.

बिबवेवाडीची: माझ्याकडेही असंच! सेट-टॉप बॉक्स जोडला की घूंऽऽ. ॲम्प तर ०.००५ वाला आहे.

सोल्डरकाका: ताई, तुमचं दुखणं वेगळं. केबलची वायर उपसून बघा. घूं थांबली तर अर्थिंगचा लूप आहे. कंपनीच्या टेबलावर तुमची केबल नव्हती, मग आकड्यात ती घूं कुठून येणार?

कोथरूडकर, तुम्ही तानपुऱ्याचा विरत जाणारा सूर लावा आणि मध्येच पॉज करा. चरचर चालूच राहिली तर तो नॉइज. सुराबरोबर थांबली तर बायस तपासून घ्या.

आकडेमोड: लांबच्या हार्मोनिकचं पटलं. पण दोन्ही ॲम्पचा आवाज सारखा केला होता का? किंचित मोठा वाजणारा नेहमीच गोड वाटतो.

कोथरूडकर: नाही केला. पॉज करून पाहिलं, चरचर सुराबरोबरच थांबते. पण रेकॉर्डिंगमधलीही असू शकते ना?

आकडेमोड: म्हणूनच म्हणतो, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टीमीटर लावून २०० हर्ट्झच्या सुरावर दोन्ही जुळवा. वरच्या सुरांवर स्वस्त मीटर खोटं बोलतं.

सोल्डरकाका: आणि जुळवाल ते ०.६ व्होल्टवर, २० वर नाही. शेजारी झोपलेले असतील.