वेबिनारमधलं टेबल: अ‍ॅपने ‘क्लिअर’ केलं म्हणजे बरोबर आलं का?

संत्रावाला_काटोल: संत्रा ग्रेडिंगच्या वेबिनारमधलं पेट्यांचं टेबल पाहिजे होतं. स्क्रीनशॉट काढला तर आकडे पार पुसट. एन्हान्स अ‍ॅपमध्ये टाकला, दोन मिनिटात काचेसारखा क्लिअर, टेक्स्ट ओढलं, एक्सेल तयार. लोकं अजून हातानं टाईप करून राहिले, कायले बाप्पा?

धरमपेठचा_एडिटर: काल रात्री हे वाचलं तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून लांब लिहितो. फ्रेममध्ये आकडा उरलाच नसेल तर अ‍ॅप तो शोधत नाही, बनवते. सहा-सात पिक्सेल उंचीचा डाग, त्यात इंग्रजी ३ आहे का ८ हे तिथं लिहिलेलंच नाही, मग अ‍ॅप आपल्या मनानं एक नीट आकार बसवते. पुसट ३ पाहिला की माणसाला निदान शंका येते, अ‍ॅपमधून आलेला ठसठशीत ३ कोणी तपासत नाही, खरा धोका तो आहे.

आणि घोळ त्याच्या आधीच झाला, स्क्रीनशॉटमध्ये. प्लेअर चित्र खिडकीच्या मापाला आखडते, बरेच फोन त्यावर पुन्हा जेपीजी चढवतात. व्हिडिओ सगळ्यात मोठ्या रेझोल्यूशनमध्ये उतरवून घ्या आणि फ्रेम सरळ फाईलमधून काढा:

```
ffmpeg -ss 00:41:07 -i talk.mp4 -frames:v 1 slide.png
```

वेळ कुठली टाकायची ते महत्त्वाचं. मीटिंगच्या रेकॉर्डिंगमध्ये स्लाईड बदलली की पहिले एक-दोन सेकंद सगळं धुरकट असते, मग चित्र स्थिर राहिलं की व्हिडिओ कॉम्प्रेस करणारं कोडेक हळूहळू बारकावे भरते. म्हणून स्लाईड जायच्या जरा आधीची फ्रेम घ्या, आल्या-आल्याची नाही. मग साधं तीन पट मोठं करून चित्रातलं टेक्स्ट वाचणाऱ्या `tesseract` ला द्या, कॅपिटल अक्षराची उंची तीसेक पिक्सेल झाली की ते बरं वाचते. मोठं केल्यानं माहिती वाढत नाही, फक्त वाचणाऱ्याला आकार सोयीचा होतो.

संत्रावाला_काटोल: हे सगळं करायले माझ्याकडे टाईम कुठं आहे भाऊ, बागेत पाणी सोडू का कमांडा मारू? दिसून राहिलं नं मले स्वच्छ.

हॉस्टेल_रूम_१२: इतकं कशाला? वीस फ्रेम काढा आणि सरासरी घ्या, ब्लर आपोआप जातो. चंद्राच्या फोटोला आम्ही तेच करतो.

धरमपेठचा_एडिटर: @हॉस्टेल_रूम_१२ अर्धं बरोबर. चंद्राच्या फोटोत प्रत्येक फ्रेमचा नॉईज वेगळा असतो, म्हणून सरासरीत तो मरतो. इथं स्लाईड हलत नाही, तर कोडेक बहुतेक ठिकाणी मागच्याच फ्रेमचे ठोकळे जसेच्या तसे पुढं ढकलते. एकच फोटो वीसदा झेरॉक्स करून एकावर एक ठेवला तर काय मिळणार? हां, वक्ता तीच स्लाईड दहा मिनिटांनी परत दाखवतो, तेव्हा ती नव्यानं कॉम्प्रेस होते. अशा दोन वेगळ्या वेळच्या फ्रेम शेजारी ठेवा, त्याचा खरंच फायदा होतो.

हॉस्टेल_रूम_१२: म्हणजे सरासरी चालते, फक्त मी म्हटलं म्हणून नाही चालत. ओके सर 🙏

मंजिरी_महाल: तुम्ही सगळे भांडताय पण मूळ पाप करतंय कोण? एका स्लाईडवर चौदा कॉलम, आठचा फॉन्ट, आणि वर ‘मागे दिसतंय ना?’ आमच्या ट्रेनिंगला निळ्या बॅकग्राऊंडवर लाल आकडे होते. पहिल्या रांगेत बसून दिसलं नाही, रेकॉर्डिंगमध्ये काय दिसणार!

धरमपेठचा_एडिटर: लाल-निळं तर सगळ्यात वाईट. व्हिडिओत उजेडाची माहिती पूर्ण रेझोल्यूशनची असते, रंगाची मात्र आडवी-उभी दोन्हीकडून अर्धी. पांढऱ्यावर लाल असेल तर ग्रे करून बघा, आकडा वाचतो. निळ्यावर लाल म्हणजे दोघांच्या उजेडात फरक कमी, ग्रे केलं तरी आकडे पुसटच.

स्लाईड_बनवणारी: पाप आमचं नाही हं! साहेबांना ‘सगळं एकाच स्लाईडवर’ पाहिजे असतं, दोन स्लाईड केल्या की मलाच ऐकून घ्यावं लागतं. आणि मेल करून मागा ना फाईल, दहातले पाच जण देतात. पीपीटीत चार्ट असेल तर त्याच्या पोटात बहुतेक वेळा आख्खी एक्सेल शीट असते, `.pptx` चं `.zip` करून उघडा, `ppt/embeddings` मध्ये सापडते. हे ब्लर-बिलर सगळं टळलं.

मंजिरी_महाल: मागितली होती. ग्रुपवर व्हिडिओच फॉरवर्ड केला परत. तोही व्हॉट्सअ‍ॅपने चुरगळलेला.

स्लाईड_बनवणारी: मग ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा म्हणावं, फाईल जशीच्या तशी जाते. इतकं शिकवायचं का आता?

मंजिरी_महाल: शिकवा ना, माझ्या साहेबांना. रिटायर व्हायला चार वर्षं आहेत, तोवर शिकतील.

जुना_लेखापाल: पोरांनो, मी तीस वर्षं कार्बन कॉपीवरचे आकडे वाचले, चौथी प्रत ब्लरच असायची. आम्ही आकड्याकडे टक लावून बघत नव्हतो, बेरीज करत होतो. @संत्रावाला_काटोल तुझ्या एक्सेलची पहिली ओळ टाक, छापलेल्या बेरजेसकट.

संत्रावाला_काटोल: १४८, २३६, १३३, ९२. बेरीज ६५९.

जुना_लेखापाल: तुझे आकडे मिळून होतात ६०९. पन्नास कमी. फरक बरोब्बर ५, ५० किंवा ५०० आला की आधी ३ आणि ८ ची अदलाबदल बघायची, कारण दोघांत पाचाचंच अंतर. इथं दशकात ३ असलेले दोन आकडे आहेत, २३६ आणि १३३. म्हणजे एकतर २८६ नाहीतर १८३. १४८ मधला ४ खरा ९ असला तरी पन्नासच पडतात, पण तशी गफलत कमी होते. ओळीवरून एवढंच कळतं. आता या तिन्ही आकड्यांचे कॉलम उभे जोड.

संत्रावाला_काटोल: पहिला जुळला. दुसरा पण. तिसऱ्यात ५० कमी.

जुना_लेखापाल: झालं. १८३.

संत्रावाला_काटोल: बरं बाबा. अ‍ॅपनं एवढा झकास ३ काढला होता, पाहूनच विश्वास बसला. अर्थात बाकीचे आकडे त्यानंच वाचले, ते कोणी म्हणून नाही राहिलं.

धरमपेठचा_एडिटर: म्हणतो नं, बाकीचे वाचले. पण कुठले वाचले आणि कुठले बनवले हे त्यानं सांगितलं का?

हॉस्टेल_रूम_१२: काका, दोन चुका एकमेकींना मारून गेल्या तर? एका ओळीत +५०, दुसरीकडं −५०?

जुना_लेखापाल: एकाच ओळीत असतील तर ओळ जुळेल, पण कॉलम बोंबलतील. दोन्हीकडून लपायला निदान चार चुका बरोब्बर चौकोनात पडाव्या लागतात. माझ्या नोकरीत एकदाही नाही. टक्केवारीचं टेबल असेल तर मात्र ९९.९ किंवा १००.१ वर अडकू नको, ते राऊंडिंग असते.

संत्रावाला_काटोल: आणि भावाचा कॉलम? त्याले बेरीजच नाही. एका जागी ४२५ आहे, पण मधी टिंब होतं का नाई ते समजून नाही राहिलं. ४२.५ असलं तर माझी गोष्टच उलटली.

धरमपेठचा_एडिटर: टिंब एक-दीड पिक्सेलचं असते, कॉम्प्रेशनमध्ये सगळ्यात आधी तेच जाते. २ आणि ५ मधली फट ४ आणि २ मधल्या फटीपेक्षा मोठी दिसते का बघ, टिंबाची जागा शिल्लक राहते कधीकधी. अ‍ॅपवाल्या फोटोत नको, मूळ फ्रेममध्ये.

जुना_लेखापाल: फटी मोजण्यापेक्षा कळमन्यात एक फोन लाव, त्या महिन्यात पेटी काय भावानं गेली ते विचार.

धरमपेठचा_एडिटर: काका, मंडीचा भाव आणि स्लाईडवरचा आकडा एकच असेल कशावरून? शंका असेल तर तो सेल पिवळा करून रिकामा ठेवायचा.

जुना_लेखापाल: रिकामा सेल घेऊन बँकेत जा मग.

संत्रावाला_काटोल: तुमचं होऊ द्या. मी त्या वेबिनारवाल्यांले मेल टाकून राहिलो, पीपीटी द्या म्हणून. आणि हो, डॉक्युमेंट म्हणून.